पुण्यातले एक वर्ष: राज्यसेवेच्या तयारीचा जमाखर्च

राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात येणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष साधारण एक-दोन चौरस किलोमीटरच्या आत जाते. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता, पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. खोली, अभ्यासिका, मेस, क्लास आणि झेरॉक्सचे दुकान ही सगळी ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर असतात. या टापूत पाय ठेवण्याआधी घरी जो हिशेब होतो, तो बहुतेक वेळा क्लासच्या फीभोवती फिरतो. फी हा सर्वांत मोठा एकरकमी आकडा असल्याने तिची चर्चाही सर्वाधिक होते. पण वर्षाअखेरीस पैसे अपुरे पडतात ते बहुधा दुसऱ्याच कारणाने. महिन्याचा खर्च आधी मोजलेला असतो, महिने किती लागतील हे मात्र मोजलेले नसते.

हा हिशेब समजून घेण्यासाठी एक नमुना धरू. लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर तालुक्यातला एक पदवीधर, घरी चार एकर कोरडवाहू शेती आणि वडिलांची छोटी नोकरी. वर्षभरासाठी घरच्यांनी २ लाख ४० हजार रुपये बाजूला काढायचे ठरवले आहे. त्यातला काही भाग हातात आहे, काही सोयाबीन विकल्यावर येणार आहे आणि उरलेला दरमहा पगारातून. पुढचे दर हिशेबासाठी धरलेले आहेत. गल्ली, इमारत आणि क्लास बदलला की ते बदलतात, म्हणून वाचकाने त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत. मोजण्याची रीत मात्र तीच राहते.

सुरुवात महिन्याच्या खर्चापासून करावी, कारण तोच पुन्हापुन्हा येतो. पेठांमध्ये एकट्याने खोली घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असते. राहायचे ते कॉट बेसिसवर, एका खोलीत तीन-चार जण. कॉटचे महिन्याला ३,५०० रुपये धरले, तर त्या पैशात झोपायला जागा आणि सामान ठेवायला कोपरा मिळतो. अभ्यासाला जागा मिळत नाही. एक जण झोपलेला, दुसरा फोनवर, तिसरा कपडे धुतोय, अशा खोलीत आठ तास वाचन होत नाही. म्हणून अभ्यासिकेचे १,२०० रुपये हा वेगळा खर्च न मानता भाड्याचाच भाग समजावा. खोली पाहायला गेलेला माणूस ३,५०० ऐकून खूश होतो, पण त्याचे खरे भाडे ४,७०० असते. मुलींसाठी हा आकडा साधारणतः वरच्या बाजूला जातो. रात्री उशिरा अभ्यासिकेतून परतण्याचा रस्ता जवळचा आणि वर्दळीचा हवा, या एका अटीने स्वस्त खोल्यांचा बराचसा पर्याय बाद होतो.

धायरी, कात्रज किंवा वारज्यासारख्या भागात कॉट हजारेक रुपयांनी स्वस्त मिळू शकते. मात्र वाचलेल्या रकमेतून बसच्या पासाचे पैसे वजा करावे लागतात, आणि दुपारच्या जेवणाला घरी जाता येत नसल्याने बाहेरचे खाणे वाढते. शिल्लक उरतेच असे नाही, आणि रोजचा तास-दीड तास मात्र नक्की जातो. ज्याला क्लास नाही, जो आपल्या उपनगरातल्याच अभ्यासिकेत बसणार आहे, त्याच्यासाठी दूरची खोली हिशेबात बसते. क्लास पेठेत आणि खोली कात्रजला ही सांगड सहसा बसत नाही.

मेसचे दोन वेळचे ३,२०० रुपये धरू. मेस महिन्याच्या आगाऊ पैशावर चालते आणि तिचे काही अलिखित नियम असतात. रविवारी दुपारी गोडधोड, संध्याकाळी सुट्टी. गावी गेल्यास खाडा मिळतो, पण सलग तीन-चार दिवस गैरहजर असेल आणि आधी सांगितले असेल तरच. एखाद-दुसऱ्या दिवसाचे पैसे परत मिळत नाहीत. मेस लावण्याआधी पूर्ण महिन्याचे पैसे भरण्यापेक्षा दोन-चार दिवस सुटी ताटे घेऊन जेवून पाहावे. जेवण पटले नाही तर माणूस मेसचे पैसेही भरतो आणि वडापाव-अंडाभुर्जीवरही खर्च करतो, आणि हा दुहेरी खर्च वहीत कुठेच लिहिला जात नाही. सकाळचा नाश्ता, चहा आणि रविवारची संध्याकाळ मेसमध्ये येत नाहीत. त्यासाठी १,८०० रुपये. मोबाईल, झेरॉक्स, प्रिंट, साबण, कटिंग, वर्तमानपत्र यांना १,३००. सगळे मिळून महिना ११,००० रुपये होतो, म्हणजे बारा महिन्यांचे १ लाख ३२ हजार.

आता एकदाच होणारे खर्च. खोलीचे डिपॉझिट, अभ्यासिकेच्या लॉकरच्या किल्लीची अनामत, गादी, बादली, टेबललॅम्प यांना मिळून ८,००० रुपये. एजंटामार्फत खोली घेतली तर त्याची दलाली वेगळी, आणि ती बुडीतच. जून-जुलैमध्ये कॉलेजांचे प्रवेश सुरू असताना कॉट शोधणे सर्वांत महाग पडते. त्या काळात घासाघीस चालत नाही आणि चांगली खोली अर्ध्या दिवसात जाते. ठरवताना भाड्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: वीजबिल भाड्यात आहे की वेगळे, खोली सोडण्याआधी किती दिवसांची सूचना द्यायची, आणि मध्येच सोडल्यास डिपॉझिटमधून काय कापणार. ही उत्तरे कागदावर नसतील तर निदान मालकाच्या मोबाईल संदेशात तरी असावीत.

क्लासची फी ४५,००० रुपये सांगितली जाते तेव्हा पहिला प्रश्न करायचा तो जीएसटीचा. खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के कर लागतो. तो धरलेला नसेल तर ४५,००० चे ५३,१०० होतात, आणि वरचे ८,१०० म्हणजे अडीच महिन्यांची मेस. दुसरा प्रश्न, या फीत काय काय येते. नोट्स, टेस्ट सिरीज आणि अभ्यासिका फीतच असतील तर या गोष्टी बाहेर पुन्हा विकत घेणे टळते. ऑनलाइन बॅच असेल तर व्हिडिओंची मुदत कोणत्या तारखेला संपते, की ती परीक्षेच्या तारखेशी बांधलेली आहे, हे नीट पाहावे. परीक्षा पुढे गेली आणि मुदत तिथेच संपली, तर ऐन उजळणीच्या वेळी व्हिडिओ बंद होतात.

तिसरा प्रश्न हप्त्यांचा. एकरकमी भरल्यास सवलत देतात, म्हणून अनेक पालक कर्ज काढूनही पूर्ण फी भरतात. नमुन्यातल्या विद्यार्थ्याने असे केले तर पहिल्याच महिन्यात डिपॉझिट वगैरे ८,०००, राहण्याखाण्याचे ११,०००, फी ५३,१०० आणि पुस्तके ६,५०० मिळून ७८,६०० रुपये हातातून जातात. वर्षाच्या पैशाचा तिसरा हिस्सा जून महिन्यातच संपला, आणि सोयाबीन अजून पेरायचे आहे. तेच १७,७०० चे तीन हप्ते करून आणि निम्मी पुस्तके पुढे ढकलून पहिला महिना चाळीस हजारांच्या आत बसतो. हप्त्याचा याहून मोठा फायदा वेगळाच आहे. शिकवणे पटले नाही तर दुसरा हप्ता भरण्याआधी बाहेर पडता येते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत पूर्ण फी भरून मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी प्रमाणात, दहा दिवसांत परत द्यावी असे म्हटले आहे. पण मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. प्रत्यक्षात पैसे परत मिळवायला अर्ज, हेलपाटे आणि शेवटी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक असा प्रवास घडू शकतो. पावती जपून ठेवलेली नसेल तर तोही घडत नाही.

फी न भरताही तयारी होऊ शकते का, हे आधी तपासायला हवे. बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय आणि अमृत या राज्य शासनाच्या संस्था आपापल्या लक्ष्य गटांतल्या उमेदवारांसाठी स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणाच्या योजना काढतात. निवड झाल्यास क्लासची फी संस्था भरते आणि काही योजनांत विद्यावेतनही मिळते. अर्जाची मुदत, चाळणी परीक्षा आणि हजेरीची अट ही त्यातली अडचणीची ठिकाणे. आधी खासगी क्लासला पैसे भरून मग या योजनेचा अर्ज करणारे दरवर्षी दिसतात. क्रम उलटा हवा. विद्यावेतन मात्र बजेटच्या जमेच्या बाजूला पहिल्या दिवसापासून लिहू नये. ते खात्यात पडेल तेव्हाच लिहावे, कारण मेसवाला विद्यावेतनाची वाट पाहत नाही.

पुस्तकांवर पैसा वाया जाण्याचे कारण एकच असते. एका विषयाला एक पुस्तक पुरत असताना तीन घेतली जातात. पेठेत पुस्तकांची ओळख लेखकाच्या नावाने असते: राज्यघटनेला लक्ष्मीकांत, भूगोलाला सवदी, अर्थशास्त्राला कोळंबे, व्याकरणाला वाळंबे. प्रत्येक विषयाचा असा एक आधार ठरवून संच केला की नवी-जुनी मिळून ६,५०० रुपयांत भागते. इतिहास आणि व्याकरण जुन्या प्रतीत चालतात, कारण त्यात फारसे बदलत नाही. अर्थव्यवस्था आणि चालू घडामोडी नव्याच घ्याव्या लागतात. पायाभूत वाचनासाठी लागणारी राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या आणि एनसीईआरटीची त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, महाराष्ट्राची आर्थिक पाहणीही शासनाच्या संकेतस्थळावर असते. त्यांची सगळी पाने झेरॉक्स करून आणण्याचा मोह आवरायला हवा. छापलेली पाठ्यपुस्तके मुळातच स्वस्त असतात आणि झेरॉक्स अनेकदा त्यांच्यापेक्षा महाग पडते.

टेस्ट सिरीजचा हिशेब पेपरच्या संख्येवर न करता सोडवलेल्या पेपरवर करावा. ३,५०० रुपयांत २० पेपर म्हणजे एका पेपरला १७५ रुपये. पण अभ्यासक्रम अर्धाही झालेला नसताना सिरीज लावली की पहिल्या दोन पेपरांत गुण कमी पडतात, तिसरा टाळला जातो आणि वर्षाअखेर आठच पेपर सोडवलेले असतात. मग एका पेपरची किंमत ४३७ रुपये होते. आयोगाच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका mpsc.gov.in या संकेतस्थळावर विनामूल्य असतात. अभ्यासिकेत घड्याळ लावून आधी त्या सोडवाव्यात आणि त्या संपत आल्यावर, म्हणजे पूर्व परीक्षेच्या तीन-चार महिने आधी, विकतची सिरीज घ्यावी. मुख्य परीक्षेचे गणित वेगळे आहे. २०२५ च्या परीक्षेपासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, त्यामुळे आता पैसे प्रश्नपत्रिकेसाठी जात नाहीत, उत्तरपत्रिका तपासून देणाऱ्या माणसासाठी जातात. तिथे विचारायचे ते एवढेच की कोण तपासणार, किती दिवसांत परत देणार आणि समासात शेरे लिहिणार की नुसते गुण. तपासलेली एक नमुना उत्तरपत्रिका पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. या सिरीजचे ८,००० रुपये पूर्व परीक्षेचा निकाल लागेपर्यंत खर्चात धरायचे नाहीत, पण राखून ठेवायचे.

अर्जांचे शुल्क किरकोळ वाटते. आयोगाच्या एका परीक्षेला काहीशे रुपये पडतात. मात्र राज्यसेवा लांबली की विद्यार्थी इतर सरळसेवा भरत्यांचे अर्जही भरू लागतो, आणि २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गाला १,००० आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये शुल्क होते. अशा तीन अर्जांत महिन्याची मेस जाते. वर्षाचे ३,००० रुपये या खात्यावर ठेवून त्यातच निवड करावी. गावी चार खेपांचे ४,८०० धरले आहेत. एसटीत महिलांना २०२३ पासून तिकीट अर्धे असल्याने मुलींचा हा आकडा कमी होतो.

सगळी बेरीज अशी होते. एकदाच होणारे खर्च ७८,९०० आणि महिन्याचे १ लाख ३२ हजार, मिळून २ लाख १० हजार ९००. हातात २ लाख ४० हजार आहेत, म्हणजे २९,१०० रुपये उरतात. त्यातले मुख्य परीक्षेच्या सिरीजचे ८,००० बाजूला ठेवले की २१,१०० उरतात, जेमतेम दोन महिन्यांचा खर्च. कागदावर बजेट बसले.

आता परीक्षेचे वेळापत्रक पाहू. २०२४ ची राज्यसेवा पूर्व परीक्षा आधी २८ एप्रिलला होणार होती. नव्या आरक्षणाच्या तरतुदीमुळे ती पुढे गेली. नंतरची २५ ऑगस्ट ही तारीख आयबीपीएसच्या परीक्षेशी जुळून आली, पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि परीक्षा पुन्हा लांबली. ती झाली १ डिसेंबर २०२४ ला. सात महिने. त्याआधी ५ एप्रिल २०२० ची पूर्व परीक्षा करोनामुळे आणि नंतरच्या निर्णयांमुळे २१ मार्च २०२१ ला झाली होती. २०२५ ची २८ सप्टेंबरची परीक्षा अतिवृष्टी आणि पुरामुळे ९ नोव्हेंबरला गेली. यात चूक कोणाची हा वेगळा विषय. हिशेबापुरते एवढे पुरे की तारीख पुढे जाणे हा अपवाद धरून चालत नाही.

नमुन्यातल्या विद्यार्थ्याला २०२४ सारखे सात महिने वाढीव काढावे लागले, तर ११,००० च्या दराने ७७,००० रुपये लागतात. कर धरूनही क्लासची फी ५३,१०० होती. ज्या फीवर घरात आठवडाभर चर्चा झाली तिच्याहून मोठा खर्च, ज्याबद्दल कोणी बोललेच नव्हते. आणि २१,१०० रुपयांची शिल्लक दुसऱ्या महिन्याच्या शेवटी संपते. अशा वेळी विद्यार्थी पहिल्यांदा अभ्यासिका सोडतो, मग एका वेळेची मेस. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर अभ्यास उभा असतो, त्याच आधी जातात.

यावर दोन उपाय आहेत, आणि दोन्ही महिन्यांशीच संबंधित आहेत. पहिला, पुण्यात उशिरा येणे. शालेय पाठ्यपुस्तकांचे वाचन, मागच्या प्रश्नपत्रिकांची ओळख आणि व्याकरण हे सगळे अहमदपूरला किंवा लातूरच्या एखाद्या अभ्यासिकेत होते. असे तीन महिने घरी काढले की ३३,००० रुपये वाचतात, आणि क्लासमध्ये बसताना विद्यार्थी कोरा नसतो. शिल्लक २१,१०० वरून ५४,१०० होते, म्हणजे जवळपास पाच महिन्यांचा आधार. घरी अभ्यास होत नाही ही तक्रार पुष्कळदा खरी असते. पण त्यावरचा उपाय तालुक्याच्या गावातली अभ्यासिका हा आहे, लगेच पेठेतली कॉट नव्हे.

दुसरा उपाय, तारीख पुढे गेली की परत गावी जाण्याचा निर्णय भावनेवर न सोडता आधीच ठरवून ठेवणे. मेस आणि अभ्यासिका महिन्याच्या महिन्याला थांबवता येतात. अडकतात ते फक्त कॉटचे पैसे. एका महिन्याच्या सूचनेची अट असेल तर खोली सोडण्याची किंमत फार तर ३,५०० रुपये आणि पुस्तकांच्या खोक्यांचे एसटीचे भाडे. कॉट अडवून गावी बसायचे तर तेच ३,५०० दरमहा जातात. म्हणून लांबणी महिन्याभराची असेल तर कॉट ठेवावी. तीन महिने किंवा त्याहून जास्त असेल आणि क्लास संपलेला असेल तर सोडावी. परतीची वेळ मात्र जून-जुलैमध्ये येणार नाही असे पाहावे, नाहीतर वाचवलेले पैसे दलालीत जातात.

बजेट बिघडते आहे हे तिसऱ्या महिन्यातच कळते, पण त्यासाठी रोजचा खर्च लिहिलेला हवा. मेसचे पैसे भरूनही बाहेरच्या खाण्याचा आकडा १,८०० च्या पुढे गेला असेल तर मेस बदलण्याची वेळ झाली. विकत घेतलेल्या पुस्तकांपैकी निम्मी उघडलेलीच नसतील तर पुढची खरेदी थांबवावी. आणि घरून येणारे पैसे महिना संपण्याआठ दिवस आधीच संपत असतील, तर ११,००० हा आकडाच चुकीचा धरला होता. तो १२,५०० असेल तर तसा लिहून वर्षाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. फरक १,५०० चा दिसतो, वर्षात तो १८,००० होतो आणि जपलेली जवळजवळ सगळी शिल्लक खातो.

पुणे सोडतानाही थोडे पैसे परत येतात. सूचना वेळेवर दिली तर डिपॉझिट आणि किल्लीची अनामत मिळते, खुणा कमी केलेली पुस्तके जुन्या बाजारात किंवा त्याच अभ्यासिकेत नव्याने आलेल्या मुलाला विकता येतात. चालू घडामोडींचे अंक मात्र रद्दीच्या भावाने जातात.